डॅफमधून मुलाखतीची वही कशी तयार करावी : सांगली जिल्ह्यातल्या एका नमुना अर्जासह

मुख्य परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडची मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न गोळा करणं. कोणाला कोणतं बोर्ड होतं, काय विचारलं, त्यानं काय उत्तर दिलं, याच्या शंभर-दीडशे पानांच्या झेरॉक्स खोलीवर येतात. स्वतःचा सविस्तर अर्ज, म्हणजे डॅफ, मात्र सायबर कॅफेतून भरून आणल्यावर पुन्हा उघडलेला नसतो. मग बोर्डासमोर प्रश्न येतो तो त्या अर्जातल्या एका साध्या शब्दावर, आणि गाडी तिथंच अडते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत 2025 पैकी 275 गुणांची असते. साधारण अर्धा तास चालते. समोर अध्यक्ष आणि बहुधा चार सदस्य असतात. त्यांच्याकडे तुमच्या अर्जातली माहिती असते, लेखी परीक्षेचे गुण नसतात. म्हणजे तुमच्याबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते सगळं तुम्हीच लिहून दिलेलं आहे. म्हणून तयारीची सुरुवात त्या कागदापासून करायची, आणि खाली दिलेल्या क्रमानंच करायची. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी मॉक मुलाखत आणि मग वाचन असं झालं, की मॉकमध्ये नुसती भीती वाढते.

उदाहरणासाठी एक नमुना उमेदवार धरू. मुलगी तासगाव तालुक्यातल्या गावची. वडील द्राक्ष बागायतदार. शाळा गावात आणि तालुक्याला, सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, पुण्यात खासगी कंपनीत दोन वर्षं नोकरी, वैकल्पिक विषय भूगोल, छंदाच्या रकान्यात ‘मराठी नाटके पाहणे’.

टप्पा 1 : अर्ज शब्दशः वहीत उतरवा

अर्जाचे भरलेले सगळे भाग डाऊनलोड करून छापून घ्या. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक नोंदीला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर प्रश्न. नोंद अर्जात ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत वर लिहा. अर्जात ‘मराठी नाटके पाहणे’ असेल तर वहीत ‘नाटक’ एवढंच लिहू नका. बोर्ड ‘पाहणे’ यावरही विचारेल : नुसतं पाहता की वाचताही, शेवटचं कोणतं पाहिलं, कुठल्या नाट्यगृहात.

कोणती नोंद सोडायची नाही? नाव आणि आडनाव, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा, कॉलेज, टक्केवारी, वैकल्पिक विषय, आई-वडिलांचा व्यवसाय, नोकरी, बक्षिसं, छंद, सेवांचा पसंतीक्रम, राज्यांचा पसंतीक्रम. आईच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं असेल तर तेही घ्या. आई बागेत मजुरांबरोबर विरळणी करते आणि अर्जात गृहिणी असते. शेतातलं बाईचं काम नोंदीत का येत नाही, हा प्रश्न तिथूनच निघतो.

*तपासणी :* घरातल्या कोणाला तरी अर्ज हातात देऊन तुम्ही तो तोंडी सांगा. वर्षं, टक्के, कंपनीतलं पदनाम यांत एकही फरक पडता कामा नये.

*सावधान :* पसंतीक्रम भरायचे अजून बाकी असतील तर आधी ही वही सुरू करा आणि मग भरा. अर्ज गेला की त्यातला प्रत्येक शब्द सांभाळायची जबाबदारी तुमची. छंद चांगला दिसावा म्हणून ‘गिर्यारोहण’ लिहिणारी आणि आयुष्यात दोनदाच गडावर गेलेली मुलं दरवर्षी भेटतात.

टप्पा 2 : कोणती नोंद जड, ते ठरवा

सगळ्या नोंदींना सारखा वेळ दिला की कशालाच पुरेसा मिळत नाही. जड नोंद ओळखण्याची खूण अशी : अनोळखी शहाण्या माणसानं ती वाचली तर त्याला सहज काय विचारावंसं वाटेल? आपल्या नमुना अर्जात चार जागा जड आहेत. वडिलांची द्राक्षबाग, सांगली जिल्हा, अभियांत्रिकी करून भूगोल घेणं व नोकरी सोडणं, आणि नाटक. नावाचा अर्थ, शाळेचे संस्थापक, कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ती व्यक्ती, या हलक्या नोंदी एकेका संध्याकाळी होतात. हलक्या म्हणजे सोडायच्या असा अर्थ घेऊ नका. स्वतःच्या शाळेचा संस्थापक माहीत नसणं बोर्डाला खटकतंच.

पुढच्या दोन टप्प्यांत त्यातल्या दोन नोंदी पूर्ण उलगडून दाखवतो. बाकीच्या त्याच पद्धतीनं तुम्ही कराल.

टप्पा 3 : एका नोंदीतून पाच थरांचे प्रश्न काढा

थर असे : माहिती, कारण, वाद, निर्णय आणि स्वतः. बहुतेक मुलं पहिल्या थरावर थांबतात. बोर्डाला रस असतो तिसऱ्या आणि चौथ्यात. ‘वडील : द्राक्ष बागायतदार’ ही नोंद घेऊ.

माहितीच्या थराला घरचाच माणूस लागतो. वडिलांसमोर वही घेऊन बसा. वाण कोणता? थॉमसन, सोनाका, की तास-ए-गणेश? हा शेवटचा वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनच्या निवडीतून आला, आणि तासगावच्या मुलीला तो माहीत नसेल तर बोर्डाला नवल वाटेल. वर्षात दोन छाटण्या का? एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी घडासाठी. डाऊनी आणि भुरी या रोगांत फरक काय? बेदाणा कसा होतो? घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर साधारण दोन आठवडे वाळवतात, आणि चार किलो द्राक्षांचा अंदाजे एक किलो बेदाणा पडतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एवढं डाव्या पानावर आलं की थर संपला.

कारणाच्या थरात प्रत्येक माहितीला ‘का’ लावा. पाऊस कमी असलेल्या तासगावात द्राक्ष का रुजलं? कोरडी हवा रोगाला रोखते आणि पाणी ठिबकनं मोजून देता येतं, म्हणून. मग अवकाळी पावसानं एवढं नुकसान का होतं? फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी आणि घडकूज, मणी भरताना आला की मणी तडकतात. भूगोल वैकल्पिक असल्यानं इथं बोर्ड पर्जन्यछायेच्या प्रदेशात शिरणार हे गृहीत धरा. दोन नोंदी जिथं एकमेकींना भेटतात तिथं प्रश्न हमखास असतो. उजव्या पानावर अशा जागेला लाल खूण करा.

वादाच्या थरात दोन्ही बाजू लिहायच्या. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि माल अडकला. चूक कोणाची : शेतकऱ्याची, तपासणी यंत्रणेची, की बदललेल्या निकषांची? आज निर्यातीच्या बागांची नोंदणी ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर होते आणि डब्यावरून बागेपर्यंत माग काढता येतो. हा माग काढण्याचा खर्च लहान बागायतदाराला परवडतो का? दुसरा वाद विम्याचा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत नुकसान बागेत जाऊन मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरते. केंद्रावर पाऊस नोंदला नाही आणि बागेत पडला, तर? उलट प्रत्येक बागेचे पंचनामे करत बसलं तर भरपाई कधी मिळणार? दोन्ही बाजू वहीत आल्याशिवाय पुढं जाऊ नका. बागायतदाराची मुलगी फक्त बागायतदाराची बाजू मांडते आहे हे बोर्डाला एका मिनिटात कळतं.

निर्णयाचा थर सर्वांत जास्त वेळ घेतो. एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू : ‘तुम्ही पोलीस अधीक्षक आहात. परराज्यातला व्यापारी पन्नास बागायतदारांचा माल उचलून पैसे न देता पसार झाला. काय कराल?’

पहिलं उत्तर ‘गुन्हा दाखल करून अटक करू’ असं येतं. ते अर्धवट आहे, कारण पैसे थकवणं आणि फसवणूक या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरवायची तर हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दाखवावं लागतं. म्हणून पुरावा काय आहे हे आधी बघायचं : सौदापावती, वजनाच्या चिठ्ठ्या, फोनवरचे निरोप, खोटा पत्ता, न वटलेला धनादेश. पन्नास तक्रारी एकत्र ठेवल्या की पद्धत दिसते आणि हेतू सिद्ध करणं सोपं जातं. बँक खाती गोठवण्याची कारवाई लगेच, परराज्यातल्या पोलिसांशी संपर्क त्याच दिवशी. मग पुढच्या हंगामासाठी : बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांची ओळखपत्रं आणि स्थानिक पत्ता यांची नोंद, बाजार समितीकडचा परवाना तपासणं, गावसभेत लेखी सौद्याचा आग्रह. आणि मर्यादाही सांगायची : पोलीस वसुली अधिकारी नाहीत, पैसे परत मिळण्याचा मार्ग शेवटी दिवाणी न्यायालयातून जाऊ शकतो.

या उत्तराचा क्रम पाहा. आधी कायदा कुठं उभा आहे, मग तातडीचं काम, मग पुढचा बंदोबस्त, मग स्वतःच्या अधिकाराची सीमा. ही शेवटची पायरी मुलं विसरतात आणि अधीक्षक झाल्यावर आपण काहीही करू शकतो असं बोलून बसतात.

‘स्वतः’च्या थरात थोडेच प्रश्न असतात, पण ते टोचतात. बाग असताना नोकरीला का गेलात? उद्या भाऊ बाग करणार की विकणार? वडिलांना उत्पन्नावर कर लागत नाही, तुम्हाला पगारावर लागेल, हे न्याय्य वाटतं का? इथं पुस्तकातलं उत्तर चालत नाही. आठ दिवस विचार करा आणि जे खरोखर वाटतं ते सांगा.

*तपासणी :* एका जड नोंदीचे किमान पंधरा प्रश्न निघाले पाहिजेत आणि त्यातले निम्मे तरी ‘काय’ने सुरू न होणारे हवेत. सगळे ‘काय’चे असतील तर तुम्ही पहिल्याच थरात आहात.

टप्पा 4 : जिल्हा एका प्रश्नाभोवती बांधा

‘सांगली : हळद, द्राक्ष, नाट्यपंढरी, वसंतदादा’ अशी यादी पाठ करून जाणं ही दुसरी मोठी चूक. यादीतून संभाषण होत नाही. जिल्ह्याचा एक मध्यवर्ती प्रश्न निवडा आणि बाकी सगळं त्याला जोडा. सांगलीसाठी तो पाण्याचा आहे. एकाच जिल्ह्यात पलूस, वाळवा, मिरज पुरात जातात आणि जत तहानेनं व्याकूळ असतो. ही विसंगती समजावता आली की नदी, धरण, उपसा सिंचन, सीमाभाग, स्थलांतर सगळं हातात येतं.

नकाशा स्वतः हातानं काढा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयना तिला कऱ्हाडला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा त्याच्या खाली नृसिंहवाडीला, आणि अलमट्टी धरण पुढं कर्नाटकात. हा क्रम चुकला की पुराविषयीची पुढची सगळी उत्तरं चुकतात. पंचगंगेच्या पाण्यानं सांगली बुडते असं सरळ म्हणणारे उमेदवार नकाशा न काढलेले असतात. पंचगंगा खाली मिळते. तिला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो, असं नेमकं बोला.

वाद अलमट्टीचा. धरणाची कमाल पाणीपातळी आज 519.6 मीटर आहे. ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 मध्ये ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली. सांगलीकरांचा त्याला विरोध आहे. 2019 च्या महापुरानंतर राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल वाचा, शिवाय नदीकाठच्या लोकांचं म्हणणं स्वतः ऐका. पूररेषेतली बांधकामं, थोड्या दिवसांत झालेला प्रचंड पाऊस, धरणांतला विसर्ग आणि खालच्या धरणाचा फुगवटा, यातलं प्रत्येक कारण वेगळं मांडता आलं पाहिजे. ‘अलमट्टीमुळेच पूर येतो’ हे वाक्य बोर्डासमोर बोलण्याआधी ते सिद्ध करणारा आकडा तुमच्याकडे आहे का, हे स्वतःला विचारा.

निर्णयाचा प्रश्न इथं ठरलेला : ‘तुम्ही जिल्हाधिकारी आहात, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 38 फुटांवर आहे आणि वाढतंय.’ इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट, 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे 38 ला तुमच्याकडे थोडा वेळ आहे. तो कशासाठी वापराल? कोयनेतून किती सुटतंय आणि अलमट्टीतून किती सोडलं जातंय याची माहिती, दोन्ही राज्यांच्या जलसंपदा विभागांशी बोलणं. सखल वस्त्यांतल्या बाळंतिणी, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली माणसं यांची यादी आधी. जनावरांची वेगळी सोय, कारण गोठ्यात जनावर असेल तर माणूस घर सोडत नाही. बोटीत किती माणसं बसणार यावर सक्त नियम : 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती जागा सांगलीच्या उमेदवारानं विसरता कामा नये.

दुसऱ्या टोकाला जत. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजना कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडे नेतात. उपसा आला की वीजबिल आलं. ते कोणी भरायचं, पाणी कोणत्या पिकाला द्यायचं, द्राक्षाला की उसाला, हे प्रश्न इथले. जतच्या काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. सीमावादाच्या प्रश्नात हे नक्की येतं, आणि तिथं भावनेपेक्षा पाणी, रस्ता आणि शाळा यांवर बोलणारा उमेदवार वेगळा दिसतो.

साहित्य कुठून आणायचं? जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि जिल्हा गॅझेटियर. हे तीन पुरे. सातारच्या मुलांनीही हेच करायचं. त्यांचा मध्यवर्ती प्रश्न कोयनेचा होऊ शकतो : धरण, 1967 चा भूकंप, प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन, आणि एका बाजूला महाबळेश्वर तर दुसऱ्या बाजूला माण-खटाव.

टप्पा 5 : उत्तरं लिहू नका, मुद्दे लिहा

पूर्ण उत्तर लिहिलं की ते पाठ होतं, आणि पाठ केलेलं उत्तर प्रश्न जरा वळला की तुटतं. आयोगाच्या परीक्षा अधिसूचनेतच या चाचणीला हेतुपूर्वक संभाषण म्हटलं आहे, उलटतपासणी नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली चारच ओळी : माझं मत एका वाक्यात, एक ठोस गोष्ट किंवा आकडा, विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि मी कुठं थांबेन.

नाटकाच्या छंदावरचं एक पान असं दिसेल. प्रश्न : ‘नाटकाला प्रयोगाआधी मंडळाची परवानगी लागावी का?’ मत : पूर्वपरीक्षण कमी व्हावं. ठोस गोष्ट : महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता तपासतं. विरुद्ध मुद्दा : प्रयोगानंतर दंगल झाली तर नुकसान भरून येत नाही. थांबणं : कायदा आहे तोवर अधिकारी म्हणून मी तो पाळेन. याच पानावर वर लिहून ठेवा, विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला आणि 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यावरून पाळतात. सांगलीची मुलगी, छंद नाटक, आणि हे विचारलं नाही असं सहसा होणार नाही.

नोकरी सोडण्याच्या आणि अभियांत्रिकीच्या पानांवर मोहाला बळी पडू नका. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ हे उत्तर बोर्डानं हजारदा ऐकलेलं असतं. पुण्यातल्या कामात नेमकं काय केलं, एखाद्या कामाचा आराखडा, एखादी अडचण, हे सांगा. स्थापत्य अभियंता असाल तर काँक्रीट, पूल, पूररेषेतलं बांधकाम यांवर विचारणारच. पदवीचा विषय विसरलात हे भूगोल घेतलं म्हणून माफ होत नाही.

टप्पा 6 : मग मोठ्यानं बोला, आणि मगच मॉक

वही झाल्यावर रोज दोन पानं मोठ्यानं बोला. ऐकणारा स्पर्धा परीक्षेतला नसला तर उत्तम. गावातल्या निवृत्त शिक्षकांना किंवा मामांना बसवा. त्यांना कळलं नाही तर उत्तर गुंतलं आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि एवढंच पाहा की पहिल्या दोन वाक्यांत प्रश्नाचं उत्तर आलं का.

मराठी माध्यमातून मुलाखत देणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. दुभाषा असेल तर लांब वाक्यं त्याच्या हातून निसटतात. लहान वाक्यं, एका वाक्यात एक मुद्दा. ‘घडकूज’, ‘पेव’, ‘सौदा’ असे शब्द आपल्याकडे रोजचे असले तरी लगेच एका ओळीत समजावण्याची सवय हवी. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, एवढंच पुरतं.

मॉक तीन-चार पुरे. प्रत्येक मॉकनंतर प्रश्न आठवून लिहा आणि प्रत्येकासमोर तो अर्जातल्या कोणत्या शब्दावरून आला ते लिहा. जिथं शब्द सापडत नाही तो चालू घडामोडींचा. जिथं शब्द सापडतो पण वहीत तो प्रश्न नव्हता, ते पान पुन्हा उघडा. मॉकमधल्या सदस्यांनी परस्परविरोधी सल्ला दिला तर दोन्ही ऐका आणि तुमच्या चार ओळींना कोणता लागू पडतो तेवढा घ्या. दर मॉकला उत्तर बदलणारी मुलं शेवटी स्वतःचं मतच हरवून बसतात.

*सावधान :* माहीत नाही ते ‘माहीत नाही, सर’ म्हणून सांगायचा सराव मॉकमध्येच करा. स्वतःच्या अर्जावरच्या माहितीला मात्र ही सवलत नाही.

टप्पा 7 : दिल्लीला निघण्याआधी

शेवटच्या आठवड्यात नवीन पुस्तक घेऊ नका. रोजचं वर्तमानपत्र वहीशी जोडा : आजच्या कोणत्या बातमीनं माझं कोणतं पान बदललं? बेदाण्याचा भाव, जीएसटी, धरणातला साठा, पावसाचा अंदाज, नवीन विमा नियम. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेनं शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही असं स्पष्ट केलं. अशी एक ओळ वेळेवर पानावर आली की वडिलांच्या व्यवसायावरचा प्रश्न तुमच्या बाजूनं उभा राहतो.

मूळ प्रमाणपत्रं मुलाखतीच्या पत्रातल्या यादीप्रमाणे क्रमानं एका फाइलमध्ये लावा. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावीच्या प्रमाणपत्रात आणि अर्जात फरक असेल तर त्याची कागदपत्रं आताच काढा, तहसील कार्यालयात शेवटच्या दोन दिवसांत ते होत नाही. आयोगाच्या धौलपूर हाऊसला जायच्या आदल्या संध्याकाळी फक्त लाल खुणांची पानं चाळा, कारण दोन नोंदी एकत्र येतात त्या जागा तिथं आहेत. डाव्या पानावरचे आकडे एकदा पाहून वही बंद करा.